तीन घरांचा टीआरपी

दर गुरुवारी मराठी वाहिन्यांच्या कचेऱ्यांत आदल्या आठवड्याचे आकडे येऊन थडकतात. शनिवारी सुरू झालेला आणि शुक्रवारी संपलेला आठवडा बार्क या संस्थेने मोजलेला असतो. त्या आकड्यांवर कोणती मालिका साडेआठला राहणार, कोणती सहाच्या सुमाराला ढकलली जाणार, कोणत्या नायिकेचे लग्न लवकर उरकायचे आणि कोणती गोष्ट महिनाभरात गुंडाळायची हे ठरते. ‘ठरलं तर मग’सारखी वरच्या क्रमांकावर ठाण मांडून बसलेली मालिका असेल तर तिला या गुरुवारची धास्ती कमी. धास्ती खरी खालच्या मालिकांना असते, कारण तिथे दशांश चिन्हानंतरचा एक अंक इकडचा तिकडे झाला की सेटवरच्या शंभरेक माणसांच्या रोजगाराचा प्रश्न उभा राहतो. ज्या आकड्याने हे सगळे ठरते तो मुळात एक अंदाज आहे, आणि जितका लहान प्रेक्षकवर्ग, जितके लहान शहर, तितका तो अंदाज ठिसूळ. हा ठिसूळपणा आकड्याशेजारी छापला जात नाही, ही आमची तक्रार आहे.

मोजणी कशी होते ते आधी पाहू. बार्क म्हणजे वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था यांनी मिळून उभी केलेली संस्था. २०१५च्या एप्रिलपासून तिचे आकडे येऊ लागले. त्याआधी टॅमचे राज्य होते. देशात साधारण २१ कोटी घरांत टीव्ही आहे. त्यांतून पन्नास-पंचावन्न हजार घरे निवडून तिथे मीटर बसवलेले असते. निवड करण्यासाठी आधी मोठे सर्वेक्षण होते आणि घरांची वर्गवारी केली जाते. वर्गवारीचा निकष पगार नव्हे, कारण पगार कोणी खरा सांगत नाही. कर्त्या माणसाचे शिक्षण किती, आणि फ्रिज, दुचाकी, वॉशिंग मशीन, मोटार, शेतजमीन अशा ठरलेल्या ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत, यावरून घराचा वर्ग लागतो. मग शहर-खेडे, भाषा, वर्ग अशा प्रत्येक खणात ठरल्याप्रमाणे घरे भरायची.

मीटर टीव्हीच्या चित्राकडे पाहत नाही, आवाज ऐकते. प्रत्येक वाहिनी आपल्या प्रक्षेपणाच्या आवाजात माणसाच्या कानाला न कळणारी एक खूण मिसळते. मीटर ती खूण ओळखते आणि कोणती वाहिनी कोणत्या मिनिटाला लागली होती याची नोंद करते. पण टीव्ही लागला म्हणजे कोणी पाहिलाच असे नाही. त्यासाठी घरातल्या प्रत्येकाला वेगळे बटण दिलेले असते. आजी समोर बसली की आजीने आपले बटण दाबायचे, उठून गेली की पुन्हा दाबायचे. सून स्वयंपाकघरातून ये-जा करत मालिका पाहत असेल तर तिने किती वेळा बटण दाबायचे, याचे उत्तर कोणत्याही नियमावलीपेक्षा तिच्या हातातल्या पोळीवर जास्त अवलंबून आहे. म्हणजे वाहिनी कोणती होती हे यंत्र नेमके सांगते. पाहत कोण होते हे मात्र घरच्यांच्या सवयीवर आणि उत्साहावर सोडलेले असते, आणि पहिल्या महिन्यातला उत्साह वर्षभर टिकत नाही.

या नोंदी फोनच्या जाळ्यावरून मध्यवर्ती केंद्राकडे जातात. तिथे प्रत्येक घराला वजन दिले जाते, म्हणजे हे एक घर त्याच्यासारख्या किती घरांच्या वतीने बोलते ते ठरते. २१ कोटींना ५५ हजारांनी भागले तर सरासरी ३,८०० घरे येतात. शेवटी रेटिंग काढताना कार्यक्रमाच्या प्रत्येक मिनिटाला किती जण होते त्याची सरासरी धरली जाते. अर्ध्या तासाची मालिका एखाद्याने १५ मिनिटे पाहून सोडली तर तो अर्धा प्रेक्षक ठरतो.

टीआरपीवर सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा, की २१ कोटी घरांचा कौल ५५ हजार घरांनी कसा द्यावा? आमच्या मते हा आक्षेपच चुकीचा आहे, आणि त्यामुळे खरे आक्षेप झाकले जातात. शितावरून भाताची परीक्षा होते, अट एवढीच की भात नीट ढवळलेला हवा. नमुन्याची अचूकता तो एकूण लोकसंख्येचा कितवा भाग आहे यावर जवळजवळ अवलंबून नसते. नमुन्यात प्रत्यक्ष किती घरे आहेत यावर असते. ५५ हजार घरे सबंध देशाबद्दल एक प्रश्न सोडवायला भरपूर आहेत. पण त्यांना एकच प्रश्न विचारला जात नाही. तोच नमुना राज्याराज्यांत, शहराशहरांत, भाषांत, वयोगटांत, वर्गांत आणि अर्ध्या-अर्ध्या तासांत चिरला जातो. चिरताना प्रत्येक तुकड्यात किती घरे उरली हे पाहायला हवे.

पुणे शहराचेच उदाहरण घेऊ. हिशेब समजण्यासाठी असे धरू की पुण्यात मीटरची ३०० घरे आहेत. एखाद्या मालिकेचे पुण्यातले रेटिंग सहा असेल तर ती १८ घरांत पाहिली गेली. एखाद्या मराठी वृत्तवाहिनीच्या रात्रीच्या चर्चेचे रेटिंग एक असेल तर ती तीन घरांत पाहिली गेली. फक्त तीन. आता भाद्रपद लागतो. त्या तीन घरांपैकी एक कुटुंब गणपतीसाठी सिंधुदुर्गातल्या गावी जाते, आणि आठवडाभर पुण्यातल्या त्यांच्या घराला कुलूप असते. रेटिंग एकवरून ०.६७ वर येते. गुरुवारी कचेरीत तक्ता उघडतो तेव्हा दिसते ते असे: पुण्यात प्रेक्षक ३३ टक्क्यांनी घटला. निवेदकाला जाब विचारला जातो, चर्चेचा विषय बदलतो, आवाज चढतो. घडलेले असते एवढेच, की एका घराला कुलूप होते. १८ घरांच्या मालिकेतून तेच एक घर गेले असते तर सहाचे ५.६७ झाले असते आणि कोणी मान वर करून पाहिले नसते.

संख्याशास्त्र ही गोष्ट नेमक्या शब्दांत सांगते. ३०० घरांतून एक टक्का आला, तर खरा आकडा जवळजवळ शून्यापासून दोनच्या थोडा वर इतक्या पट्ट्यात कुठेही असू शकतो. सहा टक्के आला, तर खरा आकडा साधारण ३.३ ते ८.७ यांच्या दरम्यान असण्याची खात्री शंभरात ९५ वेळा देता येते. म्हणजे पुण्यापुरते बोलायचे तर ५.८ची मालिका ६.१च्या मालिकेच्या मागे पडली, या वाक्याला काही अर्थच नाही. घरे ३००ऐवजी ६०० धरली तरी पट्टा निम्मा होत नाही. नमुना दुप्पट केला की चूक जेमतेम तीस टक्क्यांनी कमी होते. निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो.

बार्कला हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये बंद केलेले वृत्तवाहिन्यांचे आकडे २०२२च्या मार्चमध्ये पुन्हा सुरू झाले, तेव्हा ते एका आठवड्याचे न देता चार आठवड्यांच्या सरकत्या सरासरीचे दिले गेले. लहान प्रेक्षकवर्गाचा साप्ताहिक आकडा विश्वासाने वापरण्याजोगा नसतो, याची ती उघड कबुली होती. पाऊल योग्यच. पण त्याचा पूर्ण फायदा होत नाही, आणि त्याचे कारण सहसा सांगितले जात नाही. चार आठवडे चार वेगवेगळी ३०० घरे विचारली असती तर चूक निम्मी झाली असती. इथे चारही आठवडे बहुतेक तीच घरे असतात. गणपतीला गावी गेलेल्या घराचा धक्का सरासरीत मुरतो, हे खरे. मात्र निवडलेल्या तीनशेंत एका वाहिनीचे चाहते योगायोगाने जास्त आले असतील, तर तो कल चार आठवड्यांनीही जात नाही. ती घरे बदलेपर्यंत राहतो. म्हणूनच दरवर्षी घरांचा ठरावीक हिस्सा बदलण्याला महत्त्व आहे.

भात नीट ढवळलेला आहे का, हा याहून अवघड प्रश्न. मीटर बसवायला जाणारा माणूस बाणेर-बालेवाडीच्या एखाद्या सोसायटीच्या फाटकावर उभा राहतो तेव्हा काय होते, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. रखवालदार फोन करतो, वरून नकार येतो. आपल्या टीव्हीवर अनोळखी यंत्र आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावाचे बटण, ही कल्पना सुशिक्षित, सधन घराला पटत नाही, आणि मिळणाऱ्या लहानशा भेटवस्तूचे त्याला अप्रूप नसते. जनता वसाहतीत किंवा जुन्या पेठेतल्या चाळीत दार तुलनेने सहज उघडते. नियमानुसार नकार देणाऱ्या घराच्या जागी त्याच वर्गातले दुसरे घर घेतले जाते. खण भरतो, तक्ता पुरा होतो. पण नकार देणारे घर आणि होकार देणारे घर एकाच वर्गातली असली तरी एकसारखी नसतात. जो दिवसभर बाहेर असतो आणि रात्री वायफायवर काहीतरी पाहतो, तो नकार देतो. ज्याच्या घरी दिवसभर कोणी ना कोणी टीव्हीसमोर असते, तो होकार देण्याची शक्यता जास्त. वजन कितीही काळजीपूर्वक दिले तरी हा फरक भरून निघत नाही, कारण वजन शिक्षण आणि वस्तू पाहून दिले जाते, टीव्हीची आवड पाहून नव्हे. नमुना दहापट केला तरी हा कल जसाच्या तसा राहील, उलट आकड्याच्या ‘अचूकते’वरचा विश्वास मात्र वाढेल.

आता लबाडीकडे येऊ. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला. बार्कसाठी घरोघरी मीटर बसवण्याचे काम करणाऱ्या हंसा रिसर्च या संस्थेच्या तक्रारीवरून हे प्रकरण सुरू झाले. संस्थेच्या माजी कर्मचाऱ्यांनी मीटर असलेल्या घरांची गोपनीय माहिती फोडली, आणि ठरावीक वाहिनी लावून ठेवण्यासाठी त्या घरांना महिन्याला चारपाचशे रुपये दिले गेले, असा पोलिसांचा आरोप होता. ज्या घरात कोणाला इंग्रजी येत नव्हते तिथे इंग्रजी वृत्तवाहिनी चालू राहिली, असेही पोलीस आयुक्तांनी पत्रकारांना सांगितले. रिपब्लिकसह ‘फक्त मराठी’ आणि ‘बॉक्स सिनेमा’ या वाहिन्यांची नावे घेतली गेली. रिपब्लिकने आरोप ठामपणे फेटाळले, आणि पुढे अंमलबजावणी संचालनालयाने २०२२मध्ये रिपब्लिकविरुद्ध पुरावा मिळाला नसल्याचे नोंदवले. अखेर राज्य सरकारच्या विनंतीवरून न्यायालयाने २०२४मध्ये खटला मागे घेऊ दिला. कोण दोषी आणि कोण निर्दोष, याचा निवाडा पुरावे तपासून झालाच नाही. राजकारणाच्या गदारोळात मूळ प्रश्न मात्र बाजूला पडला: चारपाचशे रुपयांत हे शक्य आहे असे कोणालाही का वाटावे?

वाटते, कारण हिशेबच तसा आहे. मगाचच्या पुण्याच्या उदाहरणात तीन घरांच्या चर्चेला पाच विकत घेतलेली घरे जोडा. तीनची आठ झाली, रेटिंग एकवरून २.७ वर गेले. महिन्याचा खर्च अडीच हजार रुपये. तोच प्रयोग १८ घरांच्या मालिकेवर केला तर सहाचे ७.७ होतात, फरक दिसतो, पण क्रमांक उलथेलच असे नाही. म्हणजे लबाडी नेमकी तिथे स्वस्त पडते जिथे प्रेक्षक मुळात थोडे असतात. इंग्रजी बातम्या, लहान चित्रपट वाहिन्या, लहान मराठी वाहिन्या या त्या जागा. आणि पाच घरांचे पत्ते फोडायला मोठे कारस्थान लागत नाही. मीटर बसवणारा, दुरुस्त करणारा, बटण दाबा म्हणून आठवण करायला जाणारा, अशा पुष्कळ सामान्य पगाराच्या माणसांना ते पत्ते कामापुरते ठाऊक असावेच लागतात. टॅमच्याही काळात, २००१मध्ये, मुंबईतल्या मीटरच्या घरांची यादी फुटली होती. संस्था बदलली, यंत्र बदलले, पण गुपित त्याच स्तरावर राहिले.

लबाडी ओळखता येते का? बऱ्याचदा येते. पैसे घेतलेल्या घराची नोंद खऱ्या प्रेक्षकासारखी नसते. खरा माणूस जाहिरात लागली की वाहिनी बदलतो, फोन आला की उठतो, जेवायला बसला की कार्यक्रम सोडतो. विकले गेलेले घर एकाच वाहिनीवर तासन्‌तास स्थिर असते. बार्क अशा वेगळ्या पडणाऱ्या नोंदी शोधून त्यांना कात्री लावते. पण नाना पेठेतल्या एखाद्या घरी गुडघे धरल्यामुळे बाहेर न पडणारे, निवृत्त गृहस्थ सकाळपासून रात्रीपर्यंत एकच मराठी वृत्तवाहिनी लावून बसतात. त्यांची नोंद अगदी तशीच दिसते, आणि ते मात्र खरे प्रेक्षक आहेत. त्यांना वगळायचे की ठेवायचे? जो नियम लावून हे ठरते तो बाहेरच्या कोणालाही तपासता येत नाही, ही टीकाकारांची सर्वांत वजनदार तक्रार आहे आणि आम्ही तिच्याशी पूर्ण सहमत आहोत. लबाडांना पळवाट मिळेल म्हणून नेमकी मर्यादा गुप्त ठेवणे समजू शकते. पण त्या आठवड्यात कोणत्या वाहिनीच्या एकूण आकड्यातून किती टक्के कापले गेले, एवढे सांगण्याने कोणती पळवाट उघडते?

दुसरी युक्ती कायद्याच्या कडेने चालते आणि तिला कोणाचा पत्ताही लागत नाही. सेट-टॉप बॉक्स सुरू केला की आपण काही निवडण्याआधी एक वाहिनी आपोआप लागते. ती जागा, ‘लँडिंग पेज’, केबलवाल्याकडून पैसे मोजून घेता येते. दुपारी आजी टीव्ही लावतात, चष्मा शोधतात, रिमोट उशीखाली सापडतो, आणि तोपर्यंत मीटरने आवाजातली खूण ऐकून मिनिटभराची नोंद केलेली असते. शहरभर हजारो घरांत दिवसातून दोन-तीनदा हेच होते. हेही आकड्यांत दिसते: वाहिनीपर्यंत पोहोचलेल्या लोकांची संख्या एकदम फुगते आणि प्रत्येकाने दिलेला वेळ तितकाच घटतो. ट्रायने ही जागा विकण्यास मनाई केली, ती २०१९मध्ये दूरसंचार लवादाने रद्द केली. नोव्हेंबर २०२५मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने नव्या नियमांचा जो मसुदा काढला, त्यात लँडिंग पेजवरचे पाहणे रेटिंगमध्ये धरू नये असे म्हटले आहे. ही तरतूद जशीच्या तशी टिकावी.

त्याच मसुद्यात मीटरची घरे आधी ८० हजार आणि पुढे १ लाख २० हजार करायचे घाटते आहे. बातम्यांत या आकड्याचेच कौतुक झाले. ५५ हजारांची ८० हजार झाली तर चूक सुमारे १७ टक्क्यांनी कमी होईल. १ लाख २० हजार झाली तर साधारण एक तृतीयांशाने. पुण्याच्या उदाहरणात तीन घरांच्या जागी साडेसहा घरे येतील. चर्चा अजूनही गणपतीला एक कुटुंब गावी गेले की १५ टक्क्यांनी ‘घसरेल’. बाणेरच्या फाटकावरचा नकार तसाच राहील. खर्च मात्र प्रत्येक घरामागे वाढत जाईल आणि तो शेवटी वाहिन्याच भरतील, म्हणजे लहान मराठी वाहिन्यांना तो सर्वांत जड जाईल.

याहून स्वस्त आणि लगेच करता येण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. पहिली, जाहीर होणाऱ्या प्रत्येक रेटिंगशेजारी ते किती घरांच्या नोंदींवरून निघाले आणि त्याचा त्रुटीचा पट्टा किती, हे छापावे. ग्राहक वाहिन्यांना आणि जाहिरात संस्थांना आतल्या सॉफ्टवेअरमध्ये त्रुटीचा अंदाज मिळतो, हे पुरेसे नाही. मालिका ‘पहिली आली’ ही बातमी तर जाहीर तक्त्यावरून होते. दुसरी, ठरावीक संख्येपेक्षा कमी घरे असलेल्या तुकड्याचा आकडा मुळी देऊच नये. पुण्यातल्या २२ ते ३० वयाच्या वरच्या वर्गातल्या स्त्रियांनी रात्री साडेनऊला काय पाहिले, याचे उत्तर त्या खणात चार घरे असताना कोणाकडेच नसते. तो खण रिकामा दिसू द्यावा.

ज्यांना पुण्याबद्दल बारीक उत्तर हवेच आहे त्यांच्यासाठी वेगळा मार्ग आहे. परत संदेश पाठवू शकणाऱ्या सेट-टॉप बॉक्समधून थेट नोंदी घेता येतात, आणि त्या शेकड्यांत नव्हे, लाखांत मिळू शकतात. शिवाय इतक्या बॉक्समधले पाच विकत घेऊन काही उपयोग नसतो. बॉक्सला समोर कोण बसले आहे ते कळत नाही, आणि टीव्ही बंद करून बॉक्स चालू ठेवण्याची सवय असलेल्या घरात तो रात्रभर खोटे सांगतो. म्हणून वाहिनी कोणती लागली हे बॉक्सकडून घ्यावे, आणि त्यापुढे बसलेले कोण, किती वेळ, हे मीटरच्या घरांकडून. दोन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवले तर ज्या आठवड्यात पाच घरे बोलकी झाली आणि लाखभर बॉक्स गप्प राहिले, तो आठवडा तक्ता पाहणाऱ्या कोणालाही ओळखता येईल.